सरांचा ‘सा’ हलता कामा नये

विरारहून सुटणारी सकाळची चर्चगेट फास्ट. तुम्ही त्यातले असाल तर वेगळं सांगायला नको. एक हात वरच्या कडीत, बॅग पोटाशी, आणि उरलेल्या हातात मोबाइल. परीक्षा तोंडावर होती आणि एका विषयाची सात लेक्चर्स रेकॉर्ड करून ठेवलेली (सरांना विचारून हं, ते आधी!) पण ऐकायची राहिलेली. प्रत्येक लेक्चर तासाभराचं. म्हणून आदल्या रात्री मी शहाणपणा केला. लॅपटॉपवर ऑडॅसिटी उघडलं, लेक्चर टाकलं, Change Speed मध्ये १.५ भरलं आणि फाइल फोनवर घेतली. एक तासाचं लेक्चर चाळीस मिनिटांत! विरार ते अंधेरीत एक लेक्चर संपवायचं, असा हिशोब.

नालासोपारा यायच्या आत हिशोब कोलमडला. एरवी खर्जात बोलणारे आमचे सर एखाद्या कार्टूनमधल्या खारीसारखे किचकिचायला लागले. इअरफोनचा जॅक नीट बसला नव्हता, त्यामुळे आवाज स्पीकरवरून अख्ख्या डब्याला ऐकू गेला. आमच्या डब्यात रोजचं भजनी मंडळ असतं. त्यातले टाळवाले काका घरी पेटी वाजवतात. ते हसून म्हणाले, ‘‘अरे, तुझ्या सरांनी सा सोडून प धरलाय की!’’

डब्यात हशा पिकला. पण काका गंमत म्हणून जे बोलले ते अगदी तंतोतंत खरं होतं.

आवाज म्हणजे हवेची कंपनं. सरांचा आवाज सेकंदाला १०० कंपनांच्या आसपास असेल आणि ते रेकॉर्डिंग तुम्ही नुसतं दीडपट वेगाने पळवलंत, तर त्याच सेकंदात १५० कंपनं कानावर आदळतात. कंपनं दीडपट म्हणजे सूर थेट पंचमावर. सा आणि प यांचं नातं मुळात दीडपटीचंच आहे. तसंच सव्वापट केलं तर शुद्ध गंधार, दुप्पट केलं तर तार षड्ज. (१.७५ वर मात्र आपल्या नेहमीच्या सप्तकातला सूर सापडत नाही. तो कोमल निषादाच्या जरा खाली घुटमळतो. प्लेअरमध्ये ते बटण का ठेवतात कोण जाणे.)

पण फक्त सूर चढला असता तर सर वरच्या पट्टीत बोलताहेत एवढंच वाटलं असतं. खार कुठून आली? तर आपला आवाज दोन ठिकाणी घडतो. स्वरयंत्रात कंपनं होतात आणि घशापासून ओठांपर्यंतच्या पोकळीत ती घुमतात. ‘आ’ आणि ‘ई’ वेगळे ऐकू येतात ते या घुमण्यामुळे. मोठ्या माणसाची ही पोकळी साधारण १७ सेंटिमीटर लांब असते. रेकॉर्डिंग दीडपट पळवलं की घुमण्याचे सगळे आकडेही दीडपट होतात, म्हणजे कानाला ती पोकळी ११ सेंटिमीटरची वाटते. एवढं तोंड लहान मुलाचं असतं. लहान मुलाच्या तोंडातून प्राध्यापकाची वाक्यं, तीही धडाधड! अमेरिकेत १९५८ साली रॉस बॅगडासेरियनने नेमकी हीच युक्ती वापरून चिपमंक्सची गाणी केली. टेप संथ चालवून गायचं आणि मग नेहमीच्या वेगाने वाजवायचं. त्याला खारी हव्या होत्या, आपल्याला सर हवेत.

मग यूट्यूबवर एखादं एनपीटीईएलचं लेक्चर दीडपट केलं की प्राध्यापकांचा आवाज तसाच कसा राहतो? कारण तिथे रेकॉर्डिंग ‘पळवलं’ जात नाही. ते कापून पुन्हा जोडलं जातं. कापाकापी इतकी बारीक असते की आपल्याला पत्ता लागत नाही.

कल्पना जुनी आहे. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात ग्रँट फेअरबँक्स आणि त्याच्या दोन सहकाऱ्यांनी १९५४ साली यासाठी चक्क एक यंत्र मांडलं. टेपसमोर गोल फिरणारी हेड्स लावायची, त्यांनी टेपचा छोटा तुकडा वाचायचा, पुढचा सोडायचा, मग त्यापुढचा वाचायचा. तुकडा वाजतो मूळ वेगानेच, त्यामुळे सूर हलत नाही. मधले तुकडे गळतात, त्यामुळे वेळ वाचतो. बोलण्यातला प्रत्येक स्वर इतका लांब असतो की त्यातला थोडासा तुकडा गेला तरी कानाला चुकल्यासारखं वाटत नाही.

आता हेच काम तुमचा फोन कसं करतो ते आकड्यांत बघू. आकडे मी सोपे घेतोय, प्रत्येक सॉफ्टवेअरचे थोडे वेगळे असतात. समजा, फोनने ४० मिलिसेकंदांचे तुकडे घ्यायचं ठरवलं. (डोळ्याची पापणी लवायला याहून जास्त वेळ लागतो.) पहिला तुकडा मूळ रेकॉर्डिंगच्या ० ते ४० मधला. दुसरा ३० ते ७० मधला. तिसरा ६० ते १०० मधला. म्हणजे उचलताना आपण दर वेळी ३० ने पुढे सरकतोय. पण नव्या फाइलमध्ये मांडताना मात्र फक्त २० ने पुढे सरकायचं. पहिला तुकडा ० वर, दुसरा २० वर, तिसरा ४० वर. ३० चं अंतर २० मध्ये बसलं, झालं दीडपट. तुकडे एकमेकांवर अर्धे चढतात, तिथे आधीचा हळूहळू मावळतो आणि पुढचा हळूहळू उगवतो. सांधा ऐकू येत नाही.

आता मूळ तुकड्यांचे आकडे पुन्हा बघा. ०-४०, ३०-७०, ६०-१००. मध्ये कुठेही भोक नाही! दीडपट वेगात सरांच्या बोलण्यातला एकही क्षण पूर्णपणे फेकला जात नाही, फक्त शेजारच्या क्षणात मिसळतो. दुप्पट केलं तर तुकडे होतात ०-४०, ४०-८०. काठाला काठ, अजूनही भोक नाही. अडीचपट केलं की मात्र ०-४०, ५०-९०. मधले दहा मिलिसेकंद गायब. म्हणूनच एफएफएमपेग या फुकट सॉफ्टवेअरच्या माहितीपत्रात atempo या फिल्टरखाली स्पष्ट लिहिलंय की वेग २ च्या वर गेला की काही नमुने मिसळण्याऐवजी वगळले जातात.

इथे एक गोम आहे. तुकडे आंधळेपणाने ठेवले तर आवाज पोकळ आणि थरथरता होतो, जणू सर टेबलफॅनसमोर बसून बोलताहेत. सेकंदाला १०० कंपनं म्हणजे एक कंपन दहा मिलिसेकंदांचं. नवा तुकडा पाच मिलिसेकंद इकडे-तिकडे पडला की जुन्याची लाट वर असताना नव्याची खाली असते आणि दोघी एकमेकींना खातात. टाळकऱ्यांच्या रांगेत एकजण अर्धी मात्रा मागे वाजवतो तेव्हा काय होतं, तसंच काहीसं.

यावरचा उपाय ब्रसेल्समधल्या वर्नर व्हेरहेल्स्ट आणि मार्क रोलँड्स या दोघांनी १९९३ मध्ये दिला. तुकडा बरोब्बर ३० वरूनच उचलायचा हट्ट सोडायचा. ३० च्या आजूबाजूला काही मिलिसेकंद मागे-पुढे चाचपायचं आणि आधीच्या तुकड्याच्या लाटेशी जिची लाट सगळ्यात जास्त जुळते, ती जागा निवडायची. कधी २७ वर जुळेल, कधी ३४ वर. सरासरी ३० ची राहिली की झालं. या पद्धतीचं इंग्रजी नाव भलं मोठं आहे, आद्याक्षरं डब्ल्यूएसओएलए. क्रोम ब्राउझर हीच वापरतो, एफएफएमपेगचं atempo हीच. म्हणजे रोज लोकलमध्ये हजारो पोरांच्या खिशात ही लाटांची जुळवाजुळव चालू असते.

आता माझी चूक कुठे झाली ते सांगतो. ऑडॅसिटीच्या Effect मेन्यूत Pitch and Tempo मध्ये सारख्याच दिसणाऱ्या गोष्टी शेजारी शेजारी बसल्यात. Change Speed रेकॉर्डिंग नुसतं पळवतं, सूर चढतो (नव्या आवृत्तीत म्हणूनच त्याचं नाव Change Speed and Pitch केलंय). आपल्याला हवं ते Change Tempo. तिथे गुणक नाही, टक्के विचारतात. Percent Change मध्ये ५० भरायचं, १५० नाही! १५० म्हणजे दीडशे टक्के वाढ, म्हणजे अडीचपट. मी तेही करून बसलोय, दुसऱ्या प्रयत्नात. सरांचं लेक्चर चोवीस मिनिटांवर आलं तेव्हा कळलं. ही सोपी पडताळणी लक्षात ठेवा. दीडपट म्हणजे निम्मा वेळ नाही, एक तृतीयांश वाचतो. ६० मिनिटांचे ४० झाले पाहिजेत. ३० झाले तर दुप्पट, २४ झाले तर अडीचपट.

कमांड टाइप करायला घाबरत नसाल तर एफएफएमपेगचं काम एका ओळीत होतं:

```
ffmpeg -i lecture.m4a -af "highpass=f=80,afftdn,atempo=1.5" lecture15.m4a
```

यात तीन फिल्टर आहेत आणि त्यांचा क्रम महत्त्वाचा आहे. highpass सेकंदाला ८० कंपनांच्या खालची घरघर कमी करतं. बाकाची ठोकर, फोन सरकल्याचा धबधब त्यात निघते. afftdn मागचा सततचा आवाज कमी करतं. आणि सगळ्यात शेवटी atempo. उलटं केलंत तर फसाल. कारण असं की, वर्गातल्या पंख्याच्या फुसफुसीला ठरावीक लाट नसतेच. जुळवाजुळव करणाऱ्याला जुळवायला काही सापडत नाही, त्यामुळे दर सांध्यावर फुसफूस किंचित दबते आणि पुन्हा वर येते. आपल्या आकड्यांत सांधा दर २० मिलिसेकंदांनी, म्हणजे सेकंदाला पन्नास वेळा. साधा पंखा फडफडायला लागतो. ही फडफड एकदा फाइलमध्ये बसली की नंतर काढणं कठीण, म्हणून आधी झाडलोट, मग कापणी. afftdn मुळे आवाज पाण्याखालून आल्यासारखा वाटायला लागला तर ते सरळ काढून टाका. पंखा परवडतो, पाण्यातले सर नाही.

फोनवरच ऐकायचं असेल तर फाइल बनवायचीही गरज नाही. व्हीएलसीमध्ये वेग १.५ करा. सूर चढलेला वाटला तर सेटिंगमध्ये ऑडिओखाली टाइम-स्ट्रेचिंगचा पर्याय असतो, तो चालू आहे का बघा.

पण सूर चढलाय की नाही, हे ओळखायचं कसं? रोजच्या सरांचा आवाज ओळखता येतो, पण अनोळखी प्राध्यापकांचं काय? मला काकांनी दिलेली युक्ती भारी आहे. फोनवर तानपुऱ्याचं कुठलंही ॲप लावा आणि दुसऱ्या फोनवर त्याच्या सा वर ‘आऽऽ’ असा दहा सेकंद सूर रेकॉर्ड करा. ते रेकॉर्डिंग तुमच्या प्लेअरवर दीडपट लावा आणि शेजारी तानपुरा चालू ठेवा. आवाज सा वरच मिळाला तर प्लेअर प्रामाणिक आहे. पंचमावर जाऊन बसला तर तो नुसतं पळवतोय. गंमत म्हणजे पंचमही तानपुऱ्याशी सुरेल वाटतो, त्यामुळे ‘चांगलं तर वाटतंय’ म्हणून फसू नका. तुमचा सूर तोच आहे का, एवढंच ऐका.

सूर जागेवर असला म्हणजे सगळं आलबेल, असं मात्र नाही. खडूचा फळ्यावरचा ‘टक्’ हा आवाज दोन-चार मिलिसेकंदांत संपतो. आता आपले तुकडे आठवा. मूळ रेकॉर्डिंगमधला ३० ते ४० हा भाग पहिल्या तुकड्यातही आहे आणि दुसऱ्यातही. ३५ व्या मिलिसेकंदाला सरांनी खडू आपटला, तर तो नव्या फाइलमध्ये दोनदा वाजतो. एकदा २५ वर उगवत्या तुकड्यातून, एकदा ३५ वर मावळत्यातून, आणि दोन्ही वेळा अर्धवट जोराने. एक खणखणीत टक् जाऊन दोन मऊ टकटक उरतात. खडूचं काय एवढं, म्हणाल. पण ‘क’, ‘ट’, ‘त’, ‘प’ यांची सुरुवातही अशाच छोट्या स्फोटाने होते. तो स्फोट तुकड्याच्या मध्यावर आला तर शाबूत, सांध्यावर आला तर बोथट. वर्गातल्या शेवटच्या बाकावरून केलेलं, घुमणारं रेकॉर्डिंग असेल तर हा बोथटपणा जास्त बोचतो, कारण स्फोट मुळातच अर्धामुर्धा टिपलेला असतो. दीडपटवर खडूचा आवाज दुहेरी ऐकू यायला लागला की समजा, व्यंजनंही तशीच घासली जाताहेत.

दुसरी अडचण दोन माणसं एकदम बोलतात तेव्हाची. जुळवाजुळव एका वेळी एकाच लाटेची नीट होते. सर बोलत असताना पुढच्या बाकावरून कोणी शंका विचारली, तर ज्याचा आवाज मोठा त्याची लाट जुळते आणि दुसऱ्याचा आवाज थरथरतो. शंका-समाधानाच्या भागात वेग १ वर आणा, दोन मिनिटं जातील, जाऊ देत.

माझी एक मैत्रीण नालासोपाऱ्याहून चढते, कॉमर्सची. तिचं घसाऱ्याचं गणित याच वाटेवर घसरलं. सरांनी ‘फिफ्टीन परसेंट’ म्हटलं होतं, हिने दीडपटवर ऐकून वहीत लिहिलं पन्नास. अंतर्गत परीक्षेत अख्खा तक्ता चुकला. तिचं म्हणणं होतं, ॲपनेच घोळ केला. आम्ही दोघांनी ते रेकॉर्डिंग नंतर घरी, शांततेत, त्याच ॲपवर, त्याच दीडपटवर ऐकलं. ‘फिफ्टीन’ स्पष्ट होतं, शेवटच्या ‘न’सकट. मग घोळ कुठे झाला? तिने आठवून सांगितलं की नायगाव सुटलं होतं आणि गाडी खाडीच्या पुलावर होती. पुलावर गाडीचा आवाज किती वाढतो ते तुम्हाला माहीतच आहे. ‘न’ हा मुळात हळू, दबक्या आवाजाचं व्यंजन. दीडपटवर त्याला दोन तृतीयांशच वेळ मिळाला आणि तेवढ्यात पुलाने तो गिळला. सूर, तुकडे, सांधे सगळं बरोबर होतं. मूळ वेगाला कदाचित वाचला असता, दीडपटला नाही.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेत डिलन मर्फी आणि सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना वेगवेगळ्या वेगाने लेक्चरचे व्हिडिओ दाखवून लगेच चाचणी घेतली होती. ते संशोधन २०२१ मध्ये आलं. दुप्पट वेगापर्यंत गुणांमध्ये फारसा फरक पडला नाही, अडीचपटला मात्र गुण घसरले. इथेही दोन हाच आकडा आला, पण त्याचा तुकड्यांमधल्या भोकाशी संबंध जोडायची घाई करू नका. तिथे मेंदूची झेपही संपत असणार. आणि ती मुलं लोकलच्या दारात उभी नव्हती. दीडपटला चालतं म्हणजे पुलावरही चालतं, असा अर्थ त्यातून निघत नाही.

इअरफोनचा आवाज वाढवून पुलावर मात करता येईल, असं वाटतं खरं. पण गाडीच्या गडगडाटावर मात करायला आवाज इतका चढवावा लागतो की पूल संपल्यावर कान वाजतात. त्यापेक्षा वेग कमी करणं स्वस्त पडतं. अडीच-तीन मिनिटांच्या भागात १.५ वरून १ वर आलात तर उशीर होतो एखाद्या मिनिटाचा.

मी आता एक साधी गोष्ट करतो. लेक्चर Change Tempo ने नव्हे, मूळ वेगातच फोनवर ठेवतो आणि प्लेअरमध्येच वेग बदलतो. गोष्टीसारखा भाग, इतिहास, उदाहरणं, सरांचे किस्से हे दीडपटवर. आकडे, व्याख्या आणि फळ्यावरची सूत्रं सव्वापटवर, वही उघडून. नायगाव आलं की सरळ पॉज. खाडी बघायची, भाईंदर आलं की दहा सेकंद मागे घेऊन पुन्हा सुरू. काकांना परवा इअरफोनचा एक कान दिला. त्यांनी डोळे मिटून अर्धं मिनिट ऐकलं, मान डोलावली आणि म्हणाले, ‘‘सा बरोबर आहे. पण तुझे सर श्वास कधी घेतात रे?’’